हरलेल्या रात्रीनंतर पुढचा डाव कधी लावायचा? (गोवा कॅसिनो, आमची गँग आणि मामेभाऊ)

चोर्ल्याचा_प्रवासी (शनिवार, दुपार)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे टिळकवाडी-शहापूर भागातले, दोनतीन महिन्यांतून एकदा चोर्ल्यावरनं पणजीला जातो. मांडवीतल्या बोटीवर एक रात्र, सकाळी परत. गँगचा खजिनदार मी आहे. पेट्रोल, तिकीट, जेवण आणि कोण किती घेऊन आला, सगळं माझ्या छोट्या डायरीत असतं. त्यामुळे पुढचे आकडे आठवणीतले नाहीत, लिहिलेले आहेत.

मामेभाऊ 20,000 घेऊन आला होता. रुलेटवर लाल-काळ्यावर 500 लावायचे, ही त्याची नेहमीची पद्धत. नऊ-सव्वानऊला बसला आणि पावणेअकरापर्यंत साठेक फिरक्या झाल्या. 26 जिंकला, 35 हरला, म्हणजे 4,500 उणे. चेहरा ठीक होता. मग लागोपाठ पाच वेळा काळं आलं आणि हा लालवर 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000 असा चढत गेला. दहा मिनिटांत 15,500 गेले. वीस हजार पुरे झाले. त्यानंतर कार्ड स्वाइप करून 15,000 घेतले आणि कधी न खेळलेल्या बकाराच्या, म्हणजे पत्त्यांच्या टेबलावर 5,000 चे तीन डाव लावले. तिन्ही गेले.

परतताना साखळीच्या पुढं आल्यावर एकदम म्हणाला, "गाडी वळव." मी वळवली नाही. मग घाट चढताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी 50,000 घेऊन येतो, 35 काढतो आणि 15 वर." त्यानंतर रोज फोन सुरू आहे.

माणूस वाईट नाही, नोकरी आहे, कर्ज नाही. हरल्यावर डोकं फिरून असं खेळत सुटणं, याला पोकरवाले टिल्ट म्हणतात असं ऐकलं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा नेमका कुठल्या क्षणी घसरला, म्हणजे पुढच्या वेळी ओळखता येईल. दोन, पुढचा डाव लावायच्या आधी थंड व्हायला साधं काहीतरी, चौघांनाही पाळता येईल असं, कोणी करतं का? "खेळूच नका" हे मला माहीत आहे, पण ते सांगून तो ऐकणार नाही.

---

गाडीवाला_खानापूर

चोर्ल्यात टिल्ट म्हणजे जांबोटीच्या पुढं वळणावर गाडी झुकते ते काय? टायरमधली हवा बघा की आधी 😀

---

चोर्ल्याचा_प्रवासी

होय बा, टायरचंच. मामेभावाच्या टायरमध्ये हवा जास्त झालीय.

---

डबलचा_राजा

तुमचा भाऊ बरोबरच खेळत होता. फक्त पैसे कमी पडले. डबल करत गेलं की एकदा लाल येतोच, आणि आलं की मागचं सगळं वसूल. सहावा डाव लावायला हवा होता. मी असंच खेळतो, बहुतेक वेळा वर असतो.

---

अण्णा_हिशेबी

राजासाहेब, "बहुतेक वेळा वर असतो" हे तुमचं खरं आहे, मी नाकारत नाही. रोज पाचशे-पाचशेने वर राहता आणि एके रात्री त्या पाचशेंची महिन्यांची बेरीज एकदम जाते. सहावा डाव किती रुपयांचा होता बघा. 16,000. तो जिंकला असता तर हातात नफा किती? आधी 15,500 गेलेत, म्हणजे 500. पाचशे रुपयांसाठी सोळा हजार. आणि टेबलाला वरची मर्यादा असते, ती दोनचार पायऱ्यांनी लागतेच, मग डबल करायची सोयच राहत नाही.

आता पाच वेळा लागोपाठ हरणं. एका शून्याच्या चाकावर लाल-काळ्याला 37 पैकी 19 खण तुमच्या विरुद्ध असतात. पाचही विरुद्ध जाण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुम्ही साठ फिरक्या खेळता तेव्हा अशी रांग सरासरीने एकदा दिसतेच. म्हणजे मामेभावाला जे दिसलं ते दुर्दैव नव्हतं, तो त्या दीड तासाचा नेहमीचा ऐवज होता. मी एका सहकारी बँकेत हिशेब बघत आयुष्य घालवलं. पोरं डबल करतात तेव्हा मला थकबाकीदार आठवतात, जुनं फेडायला नवं काढणारे.

---

डबलचा_राजा

अण्णा, चाक मशीन असतं, माणसाने खेळायचं असतं. असो.

---

चोर्ल्याचा_प्रवासी

अण्णा, मग तो घसरला कुठं? मला वाटत होतं कार्ड काढलं तिथं.

---

अण्णा_हिशेबी

कार्ड काढलं तोवर घसरून बराच खाली आला होता. तुमची डायरी परत बघा. दीड तास प्रत्येक डाव 500. हरला तरी 500, जिंकला तरी 500. तिथं तो 4,500 उणे होता, पण डोकं जागेवर होतं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण लोक म्हणतात "हरला की टिल्ट". नाही. साठ फिरक्यांत इतकं उणे होणं सहज होतं, त्यात खेळणाऱ्याचा काही दोष नाही.

बदल पहिल्या 1,000 ला झाला. तिथं डावाची रक्कम ठरवणारं कारण बदललं. आधी रक्कम खिशातून येत होती, "आज मी 500 चा खेळाडू". नंतर ती तोट्यातून यायला लागली, "मागचं भरून काढायला किती लागतील". ओळखायचं असेल तर हा एकच प्रश्न पुरतो. डावाआधी विचारा, ही रक्कम कुठून आली? मागच्या डावाकडे बघून आली असेल तर उठायचं.

आणि तुम्हाला न आवडणारं एक सांगतो. "पुढच्या शनिवारी 50,000" यातले पन्नास कुठून आले? पगारातून नाही, बचतीतून नाही. 35 अधिक 15. म्हणजे तो अजून टेबलावरच बसलाय. घरी आला, झोपला, कामावर गेला, तरी बाकी पुढे ओढतोच आहे.

---

वडगावची_वीणा

मी खेळत नाही, पण एका खेळणाऱ्याबरोबर संसार केलाय. अण्णांच्या आधीची खूण सांगते. तुमच्या मामेभावाने जेवण कधी केलं?

---

चोर्ल्याचा_प्रवासी

वैनी, बरं विचारलंत. बुफे पॅकेजमध्येच असतो. साडेदहाला आम्ही तिघे उठलो, तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, हे टेबल आता गरम झालंय." परत आलो तर डबल सुरू. ड्रिंक्सही फुकट असतात, ते मात्र टेबलावरच येत होते.

---

वडगावची_वीणा

तेच. उठायला तयार नसणं पहिलं येतं, रक्कम नंतर वाढते. आमच्याकडेही तसंच. ताट झाकलेलं असायचं आणि माणूस फोनवरचा स्कोअर सोडून हलायचा नाही. चिडलेला नसायचा बरं का. उलट गोड बोलायचा, "आलो, पाचच मिनिटं." लोक म्हणतात रागावलेला माणूस ओळखावा. मला तो गोड बोललेला जास्त भीतीचा वाटायचा.

---

रेसवाला_कॅम्प

अगदी. मी पुण्याच्या रेसला जातो, पावसाळ्यात सीझन असतो तेव्हा. तिथं शेवटची रेस बघा. दिवसभर फेव्हरिटवर लावणारे शेवटच्या रेसला वीसाच्या भावाच्या घोड्यावर लावतात. कोणी चिडलेलं नसतं, सगळे शांतपणे रांगेत उभे. "बरोबरीत जाऊ" एवढंच डोक्यात.

माझी रीत अशी. सकाळी चहा पिताना रेसबुकात कुठली रेस, कुठला घोडा, किती रुपये ते पेनाने लिहितो. तिथं गेल्यावर फक्त खोडायची परवानगी, नवीन लिहायची नाही. घोड्याची चाल पॅडॉकमध्ये आवडली नाही तर खोडतो. पण न लिहिलेला घोडा कितीही आवडला तरी नाही. यात एखाद्या वेळी मोठा भाव हातचा जातो, गेला तर गेला.

कॅसिनोत हे जमेल का माहीत नाही. रेसला दोन रेसमध्ये अर्धा तास असतो, चाक दर दीड-दोन मिनिटांनी फिरतं.

---

मार्कंडेय_काठ

रेसवालेसाहेब, तुमचं निरीक्षण पुस्तकी लोकांनीही केलंय. 1956 मध्ये मॅकग्लॉथलिन यांनी रेसकोर्सवरच्या पैजांचा अभ्यास करून दाखवलं की दिवस सरत जातो तसा लोकांचा कल लांबच्या घोड्यांकडे वाढतो. मग 1979 मध्ये कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी त्याचं कारण मांडलं. तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नसतो, तो एरवी हात न लावणारे डावही घेतो, कारण तो आत्ता हातात आहे तिथून मोजत नाही, सकाळच्या रकमेपासून मोजतो. अण्णा म्हणतात ती ओढलेली बाकी हीच. मी मानसशास्त्राचा माणूस नाही, अर्थशास्त्र शिकवतो, पण वर्गात हे सांगितलं की पोरं लगेच मान डोलवतात.

---

निफ्टी_निपाणी

मला तर वाटलं धागा शेअर बाजारातल्या ऑप्शनवर आहे. माझंही तेच. एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी, दुपारी दोननंतर लॉट दुप्पट. सेबीने 2024 मध्ये अहवाल दिला, तीन वर्षांत एफअँडओ म्हणजे फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. मी त्या 93 मध्ये बसतो. पण आमच्याकडे एक सोय आहे, साडेतीनला बाजार बंद. कितीही डोकं फिरलं तरी सकाळपर्यंत काही करता येत नाही.

माझा अनुभव असा की दहा मिनिटं उठून बाहेर गेलं, तोंड धुतलं, गार पाणी प्यायलं की उतरतं. एवढं पुरे. बाकी सगळं पुस्तकी.

---

अण्णा_हिशेबी

निपाणीकर, तुमच्या पाण्याने राग उतरतो, ते खरं. हात थरथरत असतील, कान गरम झाले असतील तर दहा मिनिटांचा फरक पडतो. पण मामेभावाने पाणी प्यायलं, घाट चढला, झोपला, आठवडा घालवला, तरी पन्नास हजार जसेच्या तसे. राग उतरला आणि आकडा राहिला. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पंधराला काय करता ते सांगा पाहू.

---

निफ्टी_निपाणी

😶

---

कट्टा_संपादक

एक सूचना. वर कुणीतरी वाटेत फोनवर खेळायच्या अ‍ॅपचं नाव टाकलं होतं, ते काढलं आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. इथं नावं, लिंक, कोड नकोत. चर्चा चालू द्या.

---

कणकुंबीचा_पाऊस

मला एक गंमत कळत नाही. गोव्याच्या माणसाला त्याच कॅसिनोत जाऊ देत नाहीत, 2020 पासून बंदी. आणि आम्ही कर्नाटकातनं घाट चढून-उतरून जातो. सीमावासीयांनी एवढी तरी मागणी करावी, आम्हालाही बंदी करा म्हणून 😂

---

चोर्ल्याचा_प्रवासी

हा मुद्दा पुढच्या मेळाव्यात मांडा.

अण्णा, ओळखायचं कळलं. आता थंड व्हायचं सांगा. साधं सांगा, चौघे आहोत, दोघे कंटाळा करणारे.

---

अण्णा_हिशेबी

मी सांगतो ते माझ्या पुतण्याला लावून दिलं होतं, त्यात थोडं तुमच्यासाठी बदलतो.

आधी घरी आल्यावर. त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी गेलेली रक्कम घराच्या खर्चाच्या वहीत लिहायची. "कॅसिनो 35,000." उसनवारीत नाही, येणे बाकीत नाही, खर्चात. जसं गणपतीचा खर्च, लग्नाचा आहेर. त्याखाली रेघ मारायची. हे पोरखेळासारखं वाटतं, पण सगळ्यात अवघड हेच. पुतण्या दोन दिवस लिहीना. म्हणायचा, "काका, लिहिलं की गेलं." मी म्हटलं, बरोबर, गेलंच आहे. लिहील तेव्हाच त्याच्या डोक्यातला हिशेब बंद होतो. ज्याला रेघ मारवत नाही त्याने पुढचा डाव लावायचाच नाही, दिवस किती झाले ते बघायचं नाही.

मग पुढची वेळ. पुढच्या वेळची रक्कम पगार झाल्यावर ठरवायची, आणि ती नेहमीचीच. नेहमी 20,000 नेता ना, मग 20,000 किंवा कमी. पन्नास म्हणाला की समजायचं रेघ खोटी मारलीय. तुमच्या भावाच्या बाबतीत याचा अर्थ हा शनिवार गेलाच, पुढचा पगार येऊ द्या.

टेबलावर मी दोन पाकिटं करायला लावतो. दहा-दहा हजार. पहिलं संपलं की उठायचं, बुफेत बसून जेवायचं, वर डेकवर जायचं. अर्धा तास. अर्धा तास का, तर तेवढ्यात चाक पंधरावीस वेळा फिरतं आणि तुमच्याशिवाय फिरतं, हे बघितलं की "टेबल गरम" वगैरे उतरतं. दुसरं पाकीट उघडायचं ते 500 नेच. 1,000 लावावासा वाटला तर पाकीट बंद करून फीडर बोट पकडायची. ती बोट धक्क्यापर्यंत नेते, तेवढा वेळही कामी येतो.

पॅकेजबरोबर फुकट चिप्स येतात, त्या वटत नाहीत, खेळाव्याच लागतात. त्या पाकिटात मोजू नका. त्यांच्यावर जिंकलं तरी फुगायचं नाही, हरलं तरी खंत नाही.

---

रेसवाला_कॅम्प

पाकिटं पटली. एक जोडतो. जिंकल्यावरही हेच. मी घसरतो तो दोन रेस जिंकल्यावर, हरल्यावर कमी. "आज आपला दिवस आहे" म्हणून तिसऱ्या रेसला तिप्पट. रक्कम कुठून आली हा अण्णांचा प्रश्न तिथंही लागतो, फक्त ती नफ्यातून येते.

---

वडगावची_वीणा

पाकिटं चांगली, पण कार्ड खिशात असेल तर तिसरं पाकीट आहेच. 15,000 तसेच आले ना.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची मर्यादा कमी करता येते, दुकानातल्या मशिनचा वापरही बंद करता येतो. रिझर्व्ह बँकेने 2020 पासून ही सोय बँकांना द्यायला लावली आहे. यूपीआयची रोजची मर्यादाही बऱ्याच बँका कमी करू देतात. हे घरी, बेळगावात करायचं. बोटीवर गेल्यावर नाही.

---

निफ्टी_निपाणी

वैनी, पण तेच अ‍ॅप उघडून बोटीवर दोन मिनिटांत वाढवता येतं की.

---

वडगावची_वीणा

येतं. म्हणूनच मी म्हणेन कार्ड आणि फोन प्रवासीदादांकडे द्या.

---

चोर्ल्याचा_प्रवासी

इथं माझी अडचण आहे. मागे एकदा दुसऱ्या मित्राचं कार्ड मी ठेवून घेतलं होतं. रात्री दीडला धक्क्यावर तो ओरडायला लागला, "माझे पैसे, तू कोण?" चार लोक बघत होते. शेवटी दिलं. तेव्हापासून मी ते काम घेत नाही. मैत्री टिकवायची की कार्ड सांभाळायचं?

---

अण्णा_हिशेबी

मित्राने कार्ड ठेवू नये, या मताचा मी. मित्र पोलीस झाला की दुसऱ्या वेळी माणूस दोन कार्डं आणतो. कार्ड घरातच ठेवावं, गाडीत पेट्रोलपुरती रोकड.

---

वडगावची_वीणा

अण्णा, घरी ठेवा म्हणणं सोपं. रात्री घाटात गाडी बंद पडली तर? मेकॅनिकला काय देणार, उरलेल्या चिप्स? मला मित्राकडेच बरं वाटतं. भांडण झालं तर झालं.

---

गाडीवाला_खानापूर

रात्री चोर्ल्यात गाडी बंद पडली तर कार्ड असून उपयोग नाही, रेंजच नसते वैनी. रोकडच लागते. आणि नशीब.

---

डबलचा_राजा

तुम्ही सगळे मजा घालवायला बसलाय. माणूस गोव्याला कशाला जातो? पाकिटं मोजायला?

---

रेसवाला_कॅम्प

राजा, मजेचंच सांगतो. त्या रात्रीतलं मजेचं काय होतं? पहिला दीड तास. 4,500 मध्ये दीड तास मजा, मग दहा मिनिटांत 15,500, मग तीन डावांत 15,000. शेवटच्या तीस हजारांत त्याला मजा आली असेल असं प्रवासीदादांच्या लिहिण्यावरून तरी वाटत नाही.

---

डबलचा_राजा

हे बरोबर. तरी डबल वाईट नाही, मर्यादा ठेवून केलं तर.

---

अण्णा_हिशेबी

मर्यादा ठेवून डबल म्हणजे तीन पायऱ्यांवर थांबणं. थांबता येत असेल तर 3,500 ला थांबाल. मला भेटलेले बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर चौथी बघतात. तुम्ही थांबत असाल तर आनंद आहे.

---

बॉक्साइट_रोड

नवीन सदस्य. हे वाचून विचारतोय. भाऊ रोज फोन करतो म्हणालात. माझाही एक जवळचा असाच, पण त्याने आता बायकोला न सांगता सोनं गहाण ठेवलं. त्याला पाकिटं देऊ का?

---

वडगावची_वीणा

नको. पाकिटं ज्याला उठता येतं त्याच्यासाठी. लपवणं, गहाण, उसने, "शेवटचा एकदा" हे सुरू झालं की रेघ मारून भागत नाही, आम्ही ते करून बसलोय. उपचारच लागतात. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 वर फोन करा, फुकट आहे, भाषा निवडता येते. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावपासून जवळ. आम्ही तिथं गेलो होतो. पहिल्या वेळी नवरा "डोळे तपासायला चाललोय" म्हणून शेजाऱ्यांना सांगून निघाला. चालतं. आणि सोन्याची पावती कुठं आहे ते आजच बघून ठेवा, मुदत असते.

---

बॉक्साइट_रोड

धन्यवाद अक्का. फोन करतो.

---

मार्कंडेय_काठ

प्रवासीसाहेब, मामेभाऊ त्या गटातला नाही याची खात्री कशी करायची, हे मात्र इथं कोणी सांगितलं नाही.

---

अण्णा_हिशेबी

मी एवढंच बघेन की तो रेघ मारतो का, आणि पन्नासचा आकडा सोडतो का. सोडला तर टिल्ट होता. नाही सोडला तर वीणाताईंचा नंबर. पण मी डॉक्टर नाही, हे धरून चाला.

---

चोर्ल्याचा_प्रवासी (पुढच्या मंगळवारी)

अपडेट देतो. हा शनिवार रद्द केला. मामेभावाला धागा दाखवला, आधी चिडला, "माझे आकडे फोरमवर टाकलेस?" नाव नाही म्हटल्यावर शांत झाला. मग म्हणाला, "35 नाही, 33,500 गेले, डायरी चुकलीय. चहा-सिगारेटचे दीड हजार तू चिप्समध्ये धरलेस." अर्धा तास त्यावर भांडला.

वहीत लिहायला तयार झाला, पण "खर्च" म्हणून नाही, "तात्पुरते" म्हणून. अण्णा, याला काय म्हणायचं?

---

अण्णा_हिशेबी

तात्पुरते म्हणजे येणे बाकी. म्हणजे नाही मारली रेघ. पुढच्या पगारापर्यंत पुन्हा विचारा. तोवर गाडीची चावी तुमच्याकडे.

---

डबलचा_राजा

33,500 का 35,000, हे आधी मिटवा राव. खजिनदार कसला तुम्ही.

---

चोर्ल्याचा_प्रवासी

स्लिप बघितली. 35 च होते. चहा-सिगारेट वेगळी धरली होती, पान उलटून दाखवलं त्याला. अजून मान्य करत नाही.